सरासरी १५ टक्के, पण पैसे जिथल्या तिथे: अंकगणिती आणि भूमितीय परताव्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवृत्तीच्या वेळी हाताशी किती रक्कम असेल याचा हिशेब मांडायला बसलं की पहिला प्रश्न येतो तो दरसाल किती टक्के धरायचे हा. दादर, पार्ले, मुलुंड या भागांतल्या गुंतवणूकदारांशी बोलताना मला दिसतं, की बहुतेक जण कुठल्यातरी पत्रकातला 'सरासरी परतावा' उचलतात आणि २० वर्षांच्या चक्रवाढीच्या सूत्रात घालतात. तो आकडा कोणत्या प्रकारची सरासरी आहे हे कुणी विचारत नाही. वीस वर्षांत त्यामुळे लाखोंचा फरक पडतो, म्हणून या विषयावर येणारे प्रश्न इथे सविस्तर घेतले आहेत.

दोन सरासऱ्यांत नेमका फरक काय?

सेन्सेक्सचीच तीन वर्षं घेऊ. २००७ च्या अखेरीस निर्देशांक २०,२८७ वर होता. २००८ संपताना तो ९,६४७ झाला, २००९ संपताना १७,४६५ आणि २०१० संपताना २०,५०९. टक्क्यांत मांडलं तर पहिल्या वर्षी ५२.४ टक्के घट, दुसऱ्या वर्षी ८१ टक्के वाढ, तिसऱ्या वर्षी १७.४ टक्के वाढ.

या तीन आकड्यांची बेरीज करून तीनने भागलं की येतात १५.३ टक्के. ही अंकगणिती सरासरी. हिशेबात चूक नाही, पण प्रत्यक्षात काय झालं? २००७ च्या शेवटच्या दिवशी निर्देशांकात १ लाख रुपये घातले असते, तर वर्षभरात त्याचे साधारण ४७,५५० राहिले असते, पुढच्या वर्षी ८६,१०० झाले असते आणि तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस १ लाख १ हजार. म्हणजे तीन वर्षांत जेमतेम हजार रुपये वाढले. वर्षाला किती टक्के दराने वाढ झाली असती तर १ लाखाचे १ लाख १ हजार झाले असते, याचं उत्तर ०.४ टक्क्यांहूनही किंचित कमी येतं. ही भूमितीय सरासरी. म्युच्युअल फंडाच्या माहितीपत्रकात जो सीएजीआर दिसतो तो हाच.

१५.३ टक्क्यांनी खरोखर चक्रवाढ झाली असती, तर हातात १ लाख ५३ हजार आले असते. (हे सगळे आकडे निव्वळ निर्देशांकाचे आहेत, लाभांश धरलेला नाही. तो धरला तर दोन्ही सरासऱ्या थोड्या वर सरकतील, त्यांच्यातलं अंतर मात्र जवळपास तेवढंच राहील.)

एवढं अंतर पडतं कशामुळे?

टक्केवारी प्रत्येक वर्षी वेगळ्या रकमेवर लागते. ५२ टक्क्यांची घट पूर्ण १ लाखावर बसली. ८१ टक्क्यांची वाढ मात्र उरलेल्या ४७,५५० वर झाली. अंकगणिती सरासरी प्रत्येक वर्षाला सारखंच वजन देते, जणू काही दर १ जानेवारीला तुम्ही पुन्हा नव्याने १ लाख घेऊन सुरुवात करता. पैसे वर्षानुवर्षं तसेच ठेवणाऱ्याचा अनुभव तसा नसतो.

हे अंतर किती असेल याचा अंदाज बांधायला एक सोपा नियम आहे: भूमितीय सरासरी ही साधारणपणे अंकगणिती सरासरीतून प्रमाण विचलनाच्या वर्गाचा निम्मा भाग वजा केल्यावर येते. प्रमाण विचलन म्हणजे दरवर्षीचे परतावे सरासरीपासून साधारण किती दूर जातात याचं माप. वरच्या तीन वर्षांचं प्रमाण विचलन ५४.५ टक्के आहे. ०.५४५ चा वर्ग ०.२९७, त्याचा निम्मा ०.१४९, म्हणजे १४.९ टक्के. १५.३ मधून १४.९ गेले की उरतात ०.४. प्रत्यक्ष उत्तराच्या अगदी जवळ. ही वजाबाकी म्हणजेच व्होलॅटिलिटी ड्रॅग, चढउतारांमुळे होणारी झीज.

यात लक्ष द्यायची गोष्ट म्हणजे 'वर्ग'. चढउतार दुप्पट झाले तर झीज दुप्पट होत नाही, चौपट होते. त्यामुळे प्रमाण विचलन १० टक्के असलेल्या मिश्र फंडात झीज अर्धा टक्काच असते आणि तिच्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं. ३० टक्के विचलन असलेल्या स्मॉलकॅप फंडात तीच साडेचार टक्के होते. मुदत ठेवीत चढउतारच नाहीत, म्हणून तिथे दोन्ही सरासऱ्या एकच. ७ टक्के म्हणजे ७ टक्के.

ही झीज म्हणजे कुणाच्या तरी खिशात गेलेले पैसे का? फंडाच्या खर्चासारखं काही?

नाही. हा गैरसमज दूर होणं फार गरजेचं आहे, कारण पुढचा सगळा विषय त्यावर उभा आहे. खर्च खरोखर वजा होतो. झीज कुठेही वजा होत नाही, ती फक्त दोन सरासऱ्यांमधलं अंतर आहे. एक छोटं गणित पूर्ण सोडवून बघा.

समजा दरवर्षी नाणेफेक होते. छापा आला तर रक्कम ४० टक्के वाढते, काटा आला तर २० टक्के घटते. अंकगणिती सरासरी १० टक्के. १ लाख रुपये दोन वर्षं ठेवले तर चार शक्यता आहेत आणि चारही सारख्याच संभवनीय. दोन्ही वेळा छापा: १ लाख ९६ हजार. छापा मग काटा: १ लाख १२ हजार. काटा मग छापा: पुन्हा १ लाख १२ हजार. दोन्ही वेळा काटा: ६४ हजार.

या चार रकमांची सरासरी काढा. १ लाख २१ हजार येते, म्हणजे बरोबर दोन वर्षं १० टक्क्यांची चक्रवाढ. सरासरीतून एक रुपयाही हरवलेला नाही. पण चारपैकी कुणालाही १ लाख २१ हजार मिळालेले नाहीत. मधोमध असलेल्या माणसाला १ लाख १२ हजार मिळाले, आणि तो दर वर्षाला ५.८ टक्के पडतो. हीच भूमितीय सरासरी. १.९६ लाखवाल्या एकट्याने सगळ्यांची सरासरी वर ओढली आहे.

तेव्हा अंकगणिती सरासरीची चक्रवाढ 'सगळ्या शक्यतांची सरासरी रक्कम' सांगते, आणि भूमितीय सरासरीची चक्रवाढ 'मधली रक्कम' सांगते, जिच्या वर निम्म्या शक्यता असतात आणि खाली निम्म्या. दोन्ही आकडे खरे आहेत. ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात.

दोन वर्षांत फरक थोडा दिसतो. लांब मुदतीत काय होतं?

तीच नाणेफेक २० वर्षं चालू ठेवा. १० टक्क्यांनी १ लाखाचे ६ लाख ७३ हजार होतात. ५.८ टक्क्यांनी, म्हणजे १० छापे आणि १० काटे आले तर, ३ लाख ११ हजार. सरासरी रक्कम मधल्या रकमेच्या दुपटीहून जास्त झाली.

आता विचारायचा प्रश्न हा, की ६ लाख ७३ हजारांपर्यंत पोचायची शक्यता किती? त्यासाठी २० पैकी किमान १२ छापे लागतात. ११ छाप्यांत ५ लाख ४३ हजारच होतात. १२ किंवा जास्त छापे पडण्याची शक्यता २५ टक्के आहे. म्हणजे ज्या रकमेला आपण 'सरासरी' म्हणून नियोजनाच्या तक्त्यात लिहितो, ती चारपैकी तिघांना मिळत नाही. दुसऱ्या टोकाला, ८ किंवा कमी छापे पडण्याची शक्यताही तेवढीच, २५ टक्के. आणि ८ छाप्यांत २० वर्षांनी हातात येतात १ लाख १ हजार. चारांपैकी एकाचे पैसे वीस वर्षांत जागचे हललेले नसतात किंवा घटलेले असतात.

मुदत जितकी लांब तितकी ही दरी रुंदावते. मला तर वाटतं, कुठल्याही नियोजनाच्या तक्त्यात एकच आकडा देण्याऐवजी मधली रक्कम आणि तिच्या खालचा एक आकडा द्यायलाच हवा.

मग माझ्या २० वर्षांच्या अंदाजासाठी कोणती सरासरी धरू?

'माझ्याकडे साधारण किती जमेल, ज्याच्या वर-खाली जायची शक्यता सारखी आहे?' हा तुमचा प्रश्न असेल, तर भूमितीय. घरखर्च चालवणाऱ्या माणसाचा प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो, कारण त्याच्या वाट्याला एकच आयुष्य आणि बाजाराचा एकच प्रवास येतो. शेजाऱ्याचं नशीब चांगलं निघालं म्हणून त्याच्या रकमेतून आपल्याला वाटा मिळत नाही. एकाच निधीत पैसे घातलेल्या हजार जणांचंही तेच, ते सगळे एकाच वेळी एकाच बाजारात असतात, त्यामुळे त्यांच्यात सरासरी वाटून घ्यायला काही उरत नाही.

पुढच्या एकाच वर्षाचा अंदाज हवा असेल, किंवा सगळ्या शक्यतांची गणिती सरासरी हवी असेल, तर अंकगणिती. पण इथे एक मोठी अट आहे, आणि ती सहसा सांगितली जात नाही: खरी सरासरी आपल्याला माहीत असायला हवी. नाण्याच्या उदाहरणात ती माहीत होती. बाजाराची ती कुणालाच माहीत नसते, आपण ती मागच्या काही वर्षांवरून ताडतो.

मागच्या ४० वर्षांचे आकडे असले तरी खात्री नाही का?

वाटतं त्याहून बरीच कमी. मुलुंडच्या एका जोडप्याचं कल्पित उदाहरण घेऊ. चाळीतल्या खोलीच्या विक्रीतून वाट्याला आलेले १० लाख त्यांना २० वर्षांसाठी इक्विटीत ठेवायचे आहेत. त्यांच्या हाताशी ४० वर्षांचे आकडे आहेत: अंकगणिती सरासरी १५ टक्के, भूमितीय १२ टक्के, प्रमाण विचलन साधारण २४.५ टक्के.

४० वर्षांवरून काढलेल्या सरासरीत किती चूक असू शकते, हे विचलनाला ४० च्या वर्गमुळाने भागून कळतं. २४.५ भागिले ६.३, म्हणजे जवळपास ४ टक्के. खरी सरासरी ११ असू शकते, १९ ही असू शकते.

आता चक्रवाढीचा परिणाम बघा. खरा दर १५ असेल तर २० वर्षांत पैसे १६.४ पट होतात. ११ असेल तर ८.१ पट, १९ असेल तर ३२.४ पट. ११ आणि १९ यांची सरासरी १५ च आहे, पण ८.१ आणि ३२.४ यांची सरासरी २० पटीहून जास्त येते. वरच्या दिशेची चूक चक्रवाढीत फुगते, खालच्या दिशेची तेवढी आकसत नाही. म्हणून ताडलेल्या अंकगणिती सरासरीची लांब मुदतीची चक्रवाढ केली, की अंदाज पद्धतशीरपणे जास्तीचा निघतो. मुद्दाम कुणी फसवत नसलं तरीही.

यावर तोडगा काय?

मार्शल ब्ल्यूम यांनी १९७४ मध्ये हा प्रश्न मांडून दोन्ही सरासऱ्यांचं मिश्रण सुचवलं. पुढे २००३ मध्ये एरिक जॅकिए, ॲलेक्स केन आणि ॲलन मार्कस यांनी त्याच दिशेने एक सुटसुटीत नियम दिला. अंदाजाची मुदत भागिले आकड्यांची मुदत, एवढं वजन भूमितीय सरासरीला द्यायचं आणि उरलेलं अंकगणितीला.

मुलुंडच्या जोडप्यासाठी २० भागिले ४०, म्हणजे अर्धं वजन. १२ आणि १५ यांच्या मधोमध, १३.५ टक्के. रुपयांत: १५ टक्क्यांनी १० लाखांचे १ कोटी ६४ लाख दिसतात, १३.५ ने १ कोटी २६ लाख, १२ ने ९६ लाख. यातला १ कोटी २६ लाख हा आकडा सरासरी रकमेचा निःपक्षपाती अंदाज आहे, आणि ९६ लाख हा मधल्या रकमेचा. निवृत्तीनंतरचा खर्च भागवायचा असेल तर मी ९६ लाखांवरच नियोजन उभं करायला सांगेन.

या नियमातून निघणारी पुढची गोष्ट तरुणांनी नीट बघावी. अंदाजाची मुदत आणि आकड्यांची मुदत सारखी झाली, तर मिश्रण म्हणजे निव्वळ भूमितीय सरासरी. आणि अंदाजाची मुदत जास्त असेल तर उत्तर भूमितीयच्याही खाली जातं. एखाद्या फंडाचा इतिहास १५ वर्षांचा आहे, त्यात सरासऱ्या १५ आणि १२ च आहेत, आणि तुम्ही ३० वर्षांचा अंदाज काढताय. मग भूमितीयला दुप्पट वजन आणि अंकगणितीला उणे एक: २४ वजा १५, म्हणजे साधारण ९ टक्के. तेवढ्याशा इतिहासावर १२ टक्केही जास्तच होतात.

नियमाची मर्यादाही आहे. एका वर्षाचा परतावा दुसऱ्या वर्षाशी संबंधित नाही आणि बाजाराचा स्वभाव बदलत नाही, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. ४५ वर्षांपूर्वीचा मुंबई शेअर बाजार आणि आजचा बाजार हे एकाच स्वभावाचे मानायचे का, हे सूत्र ठरवू शकत नाही.

सीएजीआर भूमितीय आहे, म्हणजे तो डोळे झाकून घ्यावा का?

नाही. सीएजीआर फक्त पहिला आणि शेवटचा आकडा बघतो, मधलं काहीच त्याला दिसत नाही. सेन्सेक्सची तीच वर्षं पुन्हा बघा. २००७ च्या अखेरीपासून मोजलं तर ०.४ टक्के. एक वर्ष पुढे सरकून २००८ च्या अखेरीपासून मोजलं तर ९,६४७ चे २०,५०९, म्हणजे वर्षाला जवळपास ४६ टक्के. शेवट तोच, सुरुवात फक्त बारा महिन्यांनी बदलली. म्हणून सुरुवात मोठ्या पडझडीच्या तळाशी आहे का आणि शेवट तेजीच्या शिखरावर आहे का, हे आधी तपासा. शक्य असेल तर रोलिंग परतावे बघा, म्हणजे प्रत्येक महिन्यापासून सुरू होणारे १०-१० वर्षांचे सीएजीआर, आणि त्यांतला सर्वांत कमी कोणता ते पाहा.

उधारीवर शेअर घेतले तर परतावा वाढेलच ना?

अंकगणिती वाढेल. मधली रक्कम घटू शकते. नाण्याच्या उदाहरणात दरवर्षी स्वतःच्या पैशाएवढीच उधारी घेऊन दुप्पट गुंतवणूक करा, व्याज शून्य धरा. आता छापा म्हणजे ८० टक्के वाढ, काटा म्हणजे ४० टक्के घट. अंकगणिती सरासरी २० टक्के, पण एक छापा आणि एक काटा मिळून १.८ गुणिले ०.६, म्हणजे १.०८. वर्षाला ३.९ टक्के. उधारी नसताना ५.८ मिळत होते!

तिप्पट केलं तर २.२ गुणिले ०.४, म्हणजे ०.८८. मधला माणूस दरवर्षी ६ टक्क्यांहून जास्त गमावतो, आणि कागदावरची अंकगणिती सरासरी मात्र ३० टक्के असते.

याची दुसरी बाजू मला फार महत्त्वाची वाटते. निम्मेच पैसे गुंतवा, बाकीचे निम्मे बिनव्याजी पडू द्या. छाप्याला २० टक्के वाढ, काट्याला १० टक्के घट. १.२ गुणिले ०.९ म्हणजे पुन्हा १.०८! निम्मी गुंतवणूक आणि दुप्पट गुंतवणूक यांची मधली रक्कम तंतोतंत सारखी, धोका मात्र चौपट. मार्जिन ट्रेडिंगवर खरोखर व्याज पडतं, त्यामुळे प्रत्यक्षात दुप्पटवाला मागेच राहतो.

एसआयपीला हे लागू होतं का?

थेट नाही. एसआयपीत प्रत्येक हप्ता वेगळ्या काळासाठी गुंतलेला असतो, म्हणून तिथे एक्सआयआरआर, म्हणजे प्रत्येक हप्त्याची तारीख धरून काढलेला वार्षिक दर, वापरतात आणि वर्षांचा क्रमही महत्त्वाचा ठरतो. एकरकमी पैशाला पडझड पहिल्या वर्षी आली काय आणि शेवटच्या वर्षी आली काय, गुणाकार तोच. एसआयपीत शेवटच्या वर्षीची पडझड सगळ्या जमलेल्या रकमेवर बसते. पुढचा अंदाज करताना मात्र दर भूमितीयच्या आसपासच धरावा.

एक्सेलमध्ये कसं काढायचं?

B रकान्यात दरवर्षीचा परतावा लिहा, C मध्ये त्यात १ मिळवा. २००८ साठी B मध्ये -0.524 आणि C मध्ये 0.476, असं.

```
=AVERAGE(B2:B4)
=GEOMEAN(C2:C4)-1
=AVERAGE(B2:B4)-VAR.P(B2:B4)/2
```

पहिली ओळ अंकगणिती सरासरी देते, दुसरी भूमितीय, तिसरी झिजेच्या नियमाने काढलेला अंदाज. दुसरी आणि तिसरी जवळपास सारखी यायला हवीत. फार वेगळी आली, तर एखादा परतावा टक्क्यांत आणि बाकीचे दशांशात लिहिले गेले आहेत का ते बघा. `GEOMEAN` ला चुकून B रकाना दिला आणि त्यात एखादं घटीचं वर्ष असेल, तर `#NUM!` दिसतं. सगळी वर्षं वाढीची असतील तर मात्र एक्सेल काहीच तक्रार न करता एक चुकीचा आकडा दाखवतं, म्हणून १ मिळवलेला रकाना दिला आहे ना, हे प्रत्येक वेळी तपासा.